परीक्षकाला ‘नाही’ म्हणताना

जर्नलच्या परीक्षकांना लिहिलेले उत्तरपत्र वाचकांपर्यंत क्वचितच पोचते. तरी लेख छापला जाणार की नाही, हे बहुतेक वेळा त्यावरच ठरते. संशोधनलेख जर्नलकडे गेला की संपादक तो त्या विषयातल्या दोन-तीन जाणकारांना वाचायला देतो. त्यांना परीक्षक म्हणतात, बोलण्यात ‘रिव्ह्यूअर’. त्यांचे शेरे लेखकाकडे येतात आणि सोबत संपादकाचा निर्णय असतो: लेख नाकारला, किरकोळ दुरुस्त्या करा, किंवा मोठी दुरुस्ती करून पुन्हा पाठवा. बहुतेक लेखांच्या वाट्याला आधी नकार किंवा मोठी दुरुस्तीच येते. दुरुस्ती सांगितली असेल तर लेखकाने सुधारलेला लेख पाठवायचा असतो आणि त्याबरोबर प्रत्येक शेऱ्याला दिलेले उत्तर. हेच ते उत्तरपत्र.

बहुतेक शेऱ्यांना उत्तर देणे सोपे असते. परीक्षकाने काही मागितले, लेखकाने ते केले, कुठे केले ते सांगितले, विषय संपला. अडचण येते ती परीक्षकाची एखादी मागणी लेखकाला पटत नाही तेव्हा. ती मुकाट्याने मान्य केली तर लेखात चुकीची गोष्ट शिरते आणि ती लेखकाच्या नावावर छापली जाते. फटकन नाकारली तर संपादकाला वाटते की लेखक काही ऐकायला तयार नाही. या दोन्हींमधली वाट कशी काढायची, हे एका उदाहरणावरून पाहता येईल. उदाहरण कल्पित आहे, पण त्यातला वाद खरा आहे आणि आरोग्यविषयक जर्नलांमध्ये तो आजही वरचेवर होतो.

समजा, एका ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी मुलींच्या वसतिगृहात एक चाचणी केली. किशोरवयीन मुलींना आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी दिली जाते, ती सरकारी योजना आपल्याकडे सर्वांना माहीत आहे. प्रश्न असा होता की ही गोळी पाण्याऐवजी लिंबू सरबताबरोबर दिली तर हिमोग्लोबिन जास्त वाढते का. क जीवनसत्त्वामुळे अन्नातले लोह अधिक शोषले जाते, म्हणून हा विचार. चिठ्ठ्या टाकून मुलींचे दोन गट केले, सोळा आठवडे गोळ्या समोर बसवून दिल्या आणि शेवटी रक्त तपासले. एका गटात ९४ मुली शेवटपर्यंत राहिल्या, दुसऱ्यात ९६. सरबताच्या गटाचे सरासरी हिमोग्लोबिन ०.२५ ग्रॅम प्रति डेसिलिटरने जास्त भरले. पण पी-व्हॅल्यू आली ०.१५, म्हणजे एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. संशोधकांनी लेखाच्या शेवटी लिहिले: ‘लिंबू सरबताचा हिमोग्लोबिनवर परिणाम होत नाही.’

दुसऱ्या परीक्षकाचा तिसरा शेरा असा आला: ‘मुख्य निकाल नकारात्मक आहे आणि नमुना लहान वाटतो. मिळालेल्या निकालांवरून या चाचणीची पोस्ट-हॉक पॉवर काढून लेखात द्यावी.’

शेरा वरवर अगदी रास्त दिसतो. पॉवर म्हणजे चाचणीची पकडण्याची क्षमता. ठरावीक आकाराचा फरक खरोखर असेल, तर तो या चाचणीला सापडण्याची शक्यता किती, हे ती सांगते. चाचणी सुरू करण्याआधी हा हिशेब करायचाच असतो, कारण किती मुली घ्यायच्या हे त्यावरूनच ठरते. परीक्षक मात्र तो हिशेब चाचणी संपल्यावर, हाती आलेला ०.२५ हाच खरा फरक आहे असे धरून करायला सांगतो आहे. गोंधळ इथेच होतो.

मिळालेल्याच फरकावरून काढलेली पॉवर ही पी-व्हॅल्यूचेच दुसरे रूप असते. एक कळली की दुसरी त्यावरून ठरते, मग नमुन्यात वीस मुली असोत की वीस हजार. पी-व्हॅल्यू ०.०५ असेल तर अशी पॉवर सुमारे ५० टक्के येते, ०.१५ असेल तर सुमारे ३० टक्के, ०.५० असेल तर १० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ज्या चाचणीत फरक ‘लक्षणीय’ ठरला नाही, तिची पोस्ट-हॉक पॉवर निम्म्याहून कमीच दिसणार. चाचणी प्रचंड मोठी आणि निर्दोष असली तरी तेच होणार. नमुना लहान होता का, या प्रश्नाला या संख्येतून उत्तर मिळत नाही; विद्यार्थ्याला मिळालेल्या गुणांवरूनच प्रश्नपत्रिका अवघड होती की सोपी हे ठरवावे, तसा हा प्रकार आहे. होनिग आणि हायसी या दोघांनी २००१ साली ‘द अमेरिकन स्टॅटिस्टिशियन’मध्ये हा मुद्दा सविस्तर मांडला. वैद्यकीय चाचण्यांचे अहवाल कसे लिहावेत याची ‘कन्सॉर्ट’ नावाची नियमावली आहे. तिच्या २०१० च्या स्पष्टीकरणातही अशा मागाहूनच्या गणितात फारसा अर्थ नसल्याचे आणि त्याऐवजी विश्वास-अंतराल पाहावा असे सांगितले आहे. तरीही ही मागणी होतच राहते, कारण अनेक परीक्षकांना त्यांच्या स्वतःच्या लेखांवर कधीतरी तीच मागणी झालेली असते आणि त्यांनी ती पुरी केलेली असते.

तर लेखकाचे म्हणणे बरोबर आहे. पण बरोबर असणे इथे पुरत नाही. घाईत लिहिलेले उत्तर साधारण असे असते:

> परीक्षकांचा इथे गैरसमज झालेला दिसतो. पोस्ट-हॉक पॉवर काढणे ही चुकीची पद्धत आहे, हे संख्याशास्त्रात सर्वमान्य आहे. त्यामुळे लेखात बदल केलेला नाही.

यातले दुसरे वाक्य जवळपास खरे आहे, तरी हे उत्तर वाईट आहे. ‘सर्वमान्य’ म्हटले की परीक्षक अडाणी ठरतो, आणि तो हे उत्तर वाचणार असतो. आधार एकही दिलेला नाही, म्हणजे कोणाचे ऐकायचे हे संपादकाने केवळ आवाजावरून ठरवायचे. सगळ्यात मोठा दोष शेवटच्या वाक्यात आहे. परीक्षकाने मागितलेला उपाय चुकीचा असला, तरी ज्या शंकेपोटी तो मागितला ती शंका बिनतोड आहे. नमुना पुरेसा होता का, हे लेखात कुठेच लिहिलेले नाही. आणि ‘परिणाम होत नाही’ हे विधान हाती आलेल्या आकड्यांना झेपणारे नाही.

हे आकडे जरा जवळून पाहायला हवेत. मिळालेला फरक ०.२५, पण त्याचा ९५ टक्के विश्वास-अंतराल उणे ०.०९ ते अधिक ०.५९ असा येतो. अंतराल म्हणजे या आकडेवारीशी जुळू शकतील अशा खऱ्या फरकांचा पट्टा. त्याच्या एका टोकाला सरबताने किंचित तोटा होतो, तर दुसऱ्या टोकाला अर्ध्या ग्रॅमहून जास्त फायदा होतो. संशोधकांनी चाचणी आखताना ०.५ ग्रॅमचा फरक महत्त्वाचा मानला होता आणि तो या पट्ट्यात बसतो. म्हणजे या चाचणीने उपयोग सिद्ध केला नाही हे खरे, पण उपयोग नाही हेही सिद्ध केले नाही. परीक्षकाला नेमके हेच खटकले होते. त्याने चुकीचे हत्यार मागितले, एवढेच.

म्हणून मागणी आणि तिच्यामागची शंका वेगळी करायची, मागणीला नकार द्यायचा आणि शंकेचे समाधान लेखातच करायचे. हे लक्षात आले की उत्तराचा आराखडा आपोआप तयार होतो. अशी पत्रे बहुधा इंग्रजीत जातात. मराठीत उतरवले तर चांगले उत्तर असे दिसेल:

> शेरा २.३ — उत्तर: नमुना पुरेसा होता का, हा परीक्षकांचा प्रश्न महत्त्वाचा आहे आणि मूळ लेखात त्याचे उत्तर नव्हते. हा प्रश्न वाचल्यावर आमच्या लक्षात आले की आमचा निष्कर्षही आकडेवारीच्या पुढे गेला होता. दोन्ही गोष्टी सुधारल्या आहेत.
>
> मात्र पोस्ट-हॉक पॉवर लेखात दिलेली नाही. मिळालेल्या फरकावरून काढलेली पॉवर पी-व्हॅल्यूवरूनच ठरते, त्यामुळे ती वाचकाला नवी माहिती देत नाही (होनिग आणि हायसी, २००१). कन्सॉर्टच्या २०१० च्या स्पष्टीकरणातही तिच्याऐवजी विश्वास-अंतरालाची शिफारस आहे. परीक्षकांच्या माहितीसाठी: आमच्या निकालांवरून ही संख्या सुमारे ३० टक्के येते. परीक्षकांच्या मूळ प्रश्नाचे उत्तर वाचकाला मिळावे म्हणून पुढील बदल केले आहेत.
>
> पद्धती, ओळी ११२–११६ (नवा मजकूर): ‘०.५ ग्रॅम प्रति डेसिलिटरचा फरक ८० टक्के पॉवरने पकडण्यासाठी, प्रमाण विचलन १.२ धरून, प्रत्येक गटात ९१ मुलींची गरज होती. दहा टक्के गळती गृहीत धरून प्रत्येक गटात १०२ मुली घेतल्या.’
>
> निकाल, ओळी २०३–२०५. आधी: ‘दोन गटांत लक्षणीय फरक आढळला नाही (पी = ०.१५).’ आता: ‘सरबताच्या गटात सरासरी ०.२५ ग्रॅम प्रति डेसिलिटर जास्त होती (९५ टक्के विश्वास-अंतराल: उणे ०.०९ ते ०.५९; पी = ०.१५).’
>
> निष्कर्ष, ओळी २९८–३०१, आणि सारांश, ओळी ३३–३४. आधी: ‘लिंबू सरबताचा हिमोग्लोबिनवर परिणाम होत नाही.’ आता: ‘लिंबू सरबताचा फायदा या चाचणीत सिद्ध झाला नाही, मात्र ०.५ ग्रॅमपर्यंतचा फायदा या आकडेवारीवरून नाकारताही येत नाही.’

या उत्तराची बांधणी नीट पाहण्यासारखी आहे. पहिल्या परिच्छेदात होकार आहे, आणि तो ठोस आहे. ‘परीक्षकांच्या मौलिक सूचनेबद्दल आम्ही अत्यंत ऋणी आहोत’ हे वाक्य अनेक पत्रांत प्रत्येक शेऱ्याखाली चिकटवलेले असते. चौथ्यांदा वाचताना त्याला काही अर्थ उरत नाही. आभार पत्राच्या सुरुवातीला एकदा मानावेत. त्यानंतर परीक्षकाचे खरेच काही पटले असेल तर काय पटले ते सांगावे. इथे लेखकांनी निष्कर्ष पुढे गेल्याचे कबूल केले आहे. हे कबूल करताना हात आखडू नये, कारण याच होकारामुळे पुढचा नकार ऐकला जातो.

नकार एकाच वाक्यात दिलेला आहे आणि त्याचा कर्ता लेखक आहे. ‘दिलेली नाही’ हे थेट सांगितले आहे. ‘विचार करू’, ‘शक्य झाल्यास’ अशी गुळमुळीत भाषा नाही. सौम्यपणा म्हणजे संदिग्धपणा नव्हे. आपली सूचना मानली की नाही हेच परीक्षकाला कळले नाही, तर तो पुढच्या फेरीत तीच सूचना दुप्पट जोराने करतो. नकारामागे कारण आहे, आणि ते मागणीविषयी आहे, मागणाऱ्याविषयी नाही. आधार दोनच आहेत, पण दोन्ही तपासता येतात. दहा संदर्भांची यादी टाकली तर लेखक घाबरलेला वाटतो. ‘परीक्षकांना माहीत असेलच’ अशी मखलाशीही नाही. ती बहुधा टोमणा म्हणूनच वाचली जाते.

३० टक्क्यांचा आकडा पत्रात द्यावा की नाही, यावर संशोधकांत दुमत आहे. काहींच्या मते आकडा दिला की परीक्षक म्हणणार, मग लेखातच घाला. तरीही तो दिलेला बरा. दिला नाही तर शंका उरते की आकडा लाजिरवाणा असल्यामुळेच तात्त्विक आक्षेप काढला. आकडा समोर ठेवून तो लेखात का नको हे सांगितले की ती शंका राहत नाही. पत्र हे संपादक आणि परीक्षक यांच्यासाठी असते, लेख वाचकांसाठी. पत्रात सांगितलेली प्रत्येक गोष्ट लेखात जायलाच हवी असे नाही.

मात्र उलटी चूक जास्त घडते: जे लेखात जायला हवे ते पत्रातच राहते. परीक्षक विचारतो की नमुन्याचा आकार कसा ठरवला. लेखक पत्रात चार ओळींत उत्तम उत्तर देतो आणि लेखाला हात लावत नाही. परीक्षकाचे समाधान होते, पण पुढे लेख वाचणाऱ्याला तोच प्रश्न पडतो आणि त्याच्या हाती पत्र नसते. वरच्या उत्तराचा मोठा भाग बदललेल्या मजकुराने व्यापला आहे तो यामुळेच. ‘योग्य त्या दुरुस्त्या केल्या आहेत’ हे वाक्य उत्तरपत्रात आले की परीक्षकाला तीस पाने उलटून बदल शोधावे लागतात, आणि तो शोधताना त्याला आणखी चार गोष्टी खटकतात. जुने वाक्य आणि नवे वाक्य शेजारी ठेवले तर त्याला लेख उघडावाही लागत नाही. विल्यम स्टॅफर्ड नोबल यांनी २०१७ साली ‘प्लॉस कम्प्युटेशनल बायॉलॉजी’मध्ये उत्तरपत्रासाठी दहा साधे नियम लिहिले, बदललेला मजकूर पत्रातच उतरवावा, असा त्यांचाही सल्ला आहे.

ओळींचे क्रमांक ही दिसायला क्षुल्लक पण हमखास चुकणारी बाब. लेखकाकडे दुरुस्त्या रंगवलेली एक प्रत असते आणि स्वच्छ दुसरी. रंगवलेल्या प्रतीत खोडलेला मजकूरही जागा घेतो, त्यामुळे तिच्यातली ११२ वी ओळ स्वच्छ प्रतीत ९८ वी असू शकते. परीक्षक कोणती प्रत उघडेल हे सांगता येत नाही. म्हणून पत्राच्या सुरुवातीलाच एक वाक्य लिहावे: ‘ओळींचे सर्व क्रमांक स्वच्छ प्रतीतील आहेत.’ आणि हे क्रमांक अगदी शेवटी भरावेत, कारण नवव्या शेऱ्यासाठी घातलेला परिच्छेद पहिल्या आठ उत्तरांतले क्रमांक पुढे ढकलतो. जर्नलच्या संकेतस्थळावर फाइल चढवल्यावर तिथे नवी पीडीएफ तयार होते आणि कधी कधी तिच्यात स्वतःचे वेगळे ओळक्रमांक पडतात. ती पीडीएफ उघडून दोन-तीन क्रमांक पडताळले तर पुढची पत्रापत्री वाचते.

रंगवलेली प्रत वर्डमध्ये ‘ट्रॅक चेंजेस’ने होते. तो आधी चालू केला नसेल तर दोन प्रतींची तुलना करूनही ती काढता येते. गणित, भौतिकशास्त्रातले लेखक लॅटेक वापरतात. त्यांच्यासाठी एक ओळ पुरते:

```
latexdiff old.tex new.tex > diff.tex
```

परीक्षकाचे शेरे उतरवताना ते जसेच्या तसे घ्यावेत, गाळू नयेत आणि स्वतःच्या शब्दांत आवळू तर मुळीच नयेत. लेखकाने केलेल्या सारांशात शेऱ्याची धार हमखास बोथट होते आणि परीक्षकाला ते लगेच कळते. एका शेऱ्यात तीन प्रश्न असतील तर त्याचे तीन तुकडे करून प्रत्येकाखाली उत्तर लिहावे. नाहीतर मधला प्रश्न निसटतो. शेरा कोणता आणि उत्तर कोणते हे केवळ रंगाने दाखवू नये. अनेक जर्नलांत पत्र एका चौकटीत चिकटवावे लागते, तिथे रंग, ठळक अक्षरे सगळे उडून जाते आणि उरतो तो सलग मजकूर. ‘शेरा २.३’, ‘उत्तर’ असे शब्द असले की पत्र कुठेही वाचता येते.

सारांशाची गोष्ट वेगळी सांगायला हवी. निष्कर्ष बदलला की सारांश बदलावा लागतो, आणि कधी शीर्षकही. लेखातला सारांश सुधारला तरी जर्नलच्या संकेतस्थळावर तो वेगळ्या रकान्यात भरलेला असतो, तिथे जुनाच राहतो. लेखात ‘नाकारता येत नाही’ आणि रकान्यात ‘परिणाम होत नाही’ अशी विसंगती संपादकाच्या नजरेस पडली, तर पत्रातल्या बाकीच्या दाव्यांवरचा त्याचा विश्वासही डळमळतो.

एका शेऱ्याला दिलेला नकार पत्रात एकटा नसतो. त्याच्या आजूबाजूला बाकीची उत्तरे असतात. सरबताच्या लेखात पहिल्या परीक्षकाने विचारले होते की रक्त तपासणाऱ्या तंत्रज्ञाला मुलींचे गट माहीत होते का. माहीत नव्हते, पण लेखात ते लिहायचे राहून गेले होते. अशा वेळी ‘हे आम्ही केलेच होते’ एवढे सांगून थांबण्याचा मोह होतो. परीक्षकाला दिसले नाही ते वाचकालाही दिसणार नाही, हे धरून एक वाक्य घालावे आणि ते कुठे घातले ते सांगावे. त्याच परीक्षकाने फेरिटिनची, म्हणजे शरीरातल्या लोहसाठ्याची तपासणीही मागितली. ती पटण्यासारखी होती, पण रक्ताचे नमुने जपून ठेवलेले नव्हते, त्यामुळे आता करता येत नाही. हे मतभेदाचे प्रकरण नाही, अशक्यतेचे आहे, आणि उत्तरातही तो फरक स्पष्ट दिसला पाहिजे. ही तपासणी असती तर निष्कर्ष अधिक भक्कम झाला असता हे मान्य करून लेखाच्या मर्यादांमध्ये तसे लिहिणे, एवढाच मार्ग उरतो. जे जमत नाही ते ‘गरजेचे नाही’ म्हणून खपवायला गेले की परीक्षक सावध होतो, आणि मग पॉवरबद्दलचा प्रामाणिक नकारही त्याला पळवाट वाटू लागतो.

बारा शेऱ्यांपैकी एकाला नकार सहज खपतो. पाच नकार जमले तर लेखकाने थांबून पुन्हा वाचावे. बहुधा त्यातल्या तीन-चारांत परीक्षकाचे थोडेफार बरोबर असते. पत्राचा पहिला मसुदा रागात लिहिला जातो, हे जवळपास सगळेच लेखक जाणतात. तो लिहावा, पण पाठवू नये. सहलेखकांपैकी ज्याचा त्या शेऱ्याशी थेट संबंध नाही अशाला तो वाचायला दिला, तर कुठे आवाज चढला हे तो लगेच दाखवतो.

आवाज चढल्याचे विज्ञानाच्या इतिहासातले प्रसिद्ध उदाहरण खुद्द आइन्स्टाइन यांचे आहे. १९३६ मध्ये त्यांनी आणि नेथन रोझेन यांनी ‘फिजिकल रिव्ह्यू’कडे एक लेख पाठवला. गुरुत्वीय लहरी अस्तित्वात नसाव्यात, असा त्याचा रोख होता. संपादक जॉन टेट यांनी तो एका परीक्षकाकडे पाठवला आणि त्याचा सविस्तर अभिप्राय आइन्स्टाइन यांना कळवला. जर्मनीतल्या नियतकालिकांत त्यांना अशी सवय नव्हती. लेख छापण्याआधी कोणा तज्ज्ञाला दाखवायची परवानगी आपण दिली नव्हती, असे सुनावून आणि आक्षेपांना उत्तर न देता त्यांनी लेख परत घेतला. तो दुसऱ्या नियतकालिकात छापून आला, पण तोपर्यंत निष्कर्ष बदललेला होता, कारण दरम्यान चूक त्यांच्याही ध्यानात आली होती. परीक्षक हॉवर्ड रॉबर्टसन हे होते, हे नंतर जर्नलच्या नोंदींवरून स्पष्ट झाले. आक्षेप त्यांचा बरोबर होता. आइन्स्टाइन यांना दुसरे नियतकालिक लगेच मिळाले. इतरांना तसे मिळेलच असे नाही.

पत्र परीक्षकाला उद्देशून असले तरी त्याचा खरा वाचक संपादक असतो. परीक्षक शिफारस करतो, निर्णय संपादक घेतो. अनेकदा संपादक पॉवरच्या वादातला जाणकार नसतो. त्याला फक्त एवढेच कळायला हवे असते की लेखकाने प्रश्न टाळला की सोडवला. पहिला परीक्षक एक मागतो आणि दुसरा नेमके उलटे, तेव्हा पत्रासोबतच्या संपादकाच्या चिठ्ठीत हा विरोध दाखवावा, आपण कोणता मार्ग घेतला ते सांगावे आणि वेगळे हवे असल्यास कळवण्याची विनंती करावी. एका परीक्षकाच्या तोंडून दुसऱ्याला गप्प करण्याचा प्रयत्न मात्र करू नये; बऱ्याच जर्नलांत दोघांनाही सगळी उत्तरे दिसतात.

आता तर ती इतरांनाही दिसू लागली आहेत. ‘एम्बो जर्नल’ने २००९ पासून परीक्षणाची कागदपत्रे लेखासोबत प्रसिद्ध करायला सुरुवात केली, ‘नेचर कम्युनिकेशन्स’ने २०१६ पासून लेखकांना तशी मुभा दिली, आणि जून २०२५ पासून ‘नेचर’कडे येणाऱ्या नव्या संशोधनलेखांसाठी, ते छापले गेल्यास, ही प्रथा सरसकट लागू झाली. पहिल्यांदा उत्तरपत्र लिहिणाऱ्याला नमुन्यांसाठी याहून चांगली जागा नाही. आपल्या विषयातला एखादा लेख काढून त्याचे परीक्षणाचे कागद वाचले, तर नकार कसे दिले जातात आणि कोणते टिकतात हे प्रत्यक्ष दिसते.

सुधारित लेख गेल्यावर संपादक बहुधा तो त्याच परीक्षकांकडे पाठवतो. सरबताच्या प्रकरणात तीन शक्यता आहेत. परीक्षकाला अंतराल आणि नवा निष्कर्ष पटला तर विषय तिथेच मिटतो. मूळ शंका सुटलेली असल्यामुळे हेच जास्त संभवते. तो मागणीवर ठाम राहिला, तर दुसऱ्या फेरीतले उत्तर पहिल्याहून लहान असावे: कारण एकदा थोडक्यात सांगावे, केलेल्या बदलांची आठवण द्यावी आणि निर्णय संपादकावर सोपवत असल्याचे स्पष्ट लिहावे. तोच युक्तिवाद लांबवून मांडल्याने कोणाचे मत बदलत नाही. आणि संपादकानेच संख्या छापायला सांगितली, तर लेखकाने ठरवायचे. ती पूरक माहितीत द्यायची आणि शेजारी एक ओळ लिहायची, की ही संख्या पी-व्हॅल्यूवरून ठरते आणि निष्कर्षासाठी विश्वास-अंतराल पाहावा. यावर बहुतेक संपादक राजी होतात. मुख्य लेखात, कोणत्याही खुलाशाविना, तिच्यावर निष्कर्ष उभा करायला सांगितले तर मात्र लेख परत घेऊन दुसऱ्या जर्नलकडे पाठवण्याचा पर्याय उरतो. तेव्हा पॉवरचा आधीचा हिशेब, अंतराल आणि सुधारलेला निष्कर्ष हे सगळे लेखाबरोबर पुढे जाते.